चोवीस दुणे अठ्ठेचाळीस होत नाहीत: गावभागातल्या ओट्याखालच्या तीन शीट

सांगलीत गावभागातलं जुनं घर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आत आलं तेव्हा ओट्याखालची पार्टिकल बोर्डची कपाटं पावासारखी फुगली होती. पुढची काही वर्षं घरमालकांनी पडदे लावून काढली आणि मग माझ्याकडे आले. अट एकच होती, माल ७१० मार्काचाच हवा. म्हणजे आयएस ७१० चा, उकळत्या पाण्यात टिकेल अशा डिंकाचा मरीन प्लाय. साध्या प्लायपेक्षा तो चांगलाच महाग पडतो, त्यामुळे एक शीट जास्त लागली की घरमालकाच्या कपाळावर आठी येते. आणि ती रास्तच असते.

काम मोठं नव्हतं. ओट्याखाली पाच बॉक्स होते: ९०० मिलीमीटर रुंदीचे दोन, ६०० चे दोन आणि ४५० चा एक. उंची ७२० आणि खाली प्लास्टिकचे पाय. एक ९०० चा बॉक्स सिंकखाली जाणार आणि दुसऱ्यात ड्रॉवर, म्हणून या दोघांत कप्पा नाही. बाकी तिघांत एकेक कप्पा. आतून मायका नाही, नुसतं पॉलिश. पाठीला ६ मिलीचा प्लाय, त्याचा हिशोब वेगळा. इथे मी फक्त १८ मिलीच्या शीटबद्दल लिहितो आहे.

आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवर बॉक्सची खोली २४ इंच लिहिली होती. माझ्याआधी ज्यांनी अंदाज दिला त्यांनी पाच शीट सांगितल्या होत्या. घरमालक हिशोबी माणूस, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी सगळ्या तुकड्यांचं क्षेत्रफळ काढून एका शीटच्या ३२ चौरस फुटांनी भागलं, तर उत्तर आलं २.६. "तीनमध्ये बसायला पाहिजे, मग पाच कशा?" असा त्यांचा प्रश्न. त्यांना वाटलं कोणीतरी दोन शीट खिशात घालतोय.

खरं सांगायचं तर आधीच्या माणसाचं चुकलं नव्हतं. २४ इंच खोली धरली तर पाचच शीट लागतात. क्षेत्रफळाचा भागाकार इथे फसवतो, कारण प्लाय कापडासारखा कुठूनही जोडता येत नाही.

शीट आठ बाय चार, म्हणजे २४४० बाय १२२० मिली. चार फूट म्हणजे ४८ इंच, आणि २४ दुणे ४८. कागदावर दोन पट्ट्या अगदी चपखल बसतात. पण त्या दोन पट्ट्यांच्या मधून ब्लेड जातं आणि ब्लेड आपल्या जाडीएवढं लाकूड खातं. माझ्या टेबल सॉच्या दहा इंची ब्लेडचा काप ३.२ मिलीचा आहे. मिस्त्रींच्या भाषेत बरोबर एक सूत, कारण इंचाची आठ सूतं. २४ इंच म्हणजे ६१० मिली. पहिली पट्टी ६१० ची निघते, ३.२ भुशात जातात आणि दुसरी पट्टी ६०७ सुद्धा भरत नाही. त्यात शीटची कंपनीची कड सरळ असेलच असं नाही. ती ५ मिली उडवली तर दुसरी पट्टी ६०२ वर येते. म्हणजे चोवीस इंची पट्टी एका शीटमधून एकच निघते आणि उरलेला जवळजवळ अर्धा भाग त्या मापाला निरुपयोगी होतो. दहा बाजू आणि पाच तळ मिळून ६१० च्या पाच पट्ट्या लागतात, म्हणून पाच शीट. कप्पे आणि बॉक्सच्या डोक्यावरच्या आडव्या पट्ट्या उरलेल्या अर्ध्यातून निघाल्या तरी तीन-चार मोठे तुकडे भिंतीला टेकून राहतातच.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. धंद्यात नवा असताना मी असाच एक ओटा केला होता. शीट मधोमध फाडली आणि अर्ध्या बाजू ६१० च्या, अर्ध्या ६०७ च्या निघाल्या. सुट्या तुकड्यांत कोणाला काही कळलं नाही. बॉक्स शेजारी शेजारी लावले तेव्हा दारं एका रेषेत येईनात. सगळे बॉक्स पुढून ताशीत बसायची वेळ आली आणि ती मजुरी माझ्याच खिशातून गेली.

आता प्रश्न असा की खोली २४ इंचच का? ओट्याचा ग्रॅनाईट साधारण ६०० ते ६१० चा असतो, म्हणून ड्रॉइंगमध्ये तोच आकडा उतरतो. पण त्या मापात बॉक्ससोबत दारही येतं आणि ग्रॅनाईट दाराच्या थोडा पुढे असावा लागतो, नाहीतर ओटा पुसताना पाणी थेट दारावर ओघळतं. बॉक्स ५६० चा, पाठ ६ ची आणि मायका लावलेलं दार विसेक मिलीचं धरलं की ५८५ च्या आसपास होतं, वर पुढे आलेली कड मिळते ती वेगळी. ड्रॉवर सरकायला ५०० ची चॅनेल लागते, ती ५६० मध्ये आरामात बसते. ५६० च्या जागी ६१० केले तरी चॅनेल तीच राहते, म्हणजे मागे नुसती पोकळी वाढते. मी आर्किटेक्टना फोन करून हे सांगितलं आणि ते लगेच हो म्हणाले. माप बदलायचं ते इथे, करवत चालू व्हायच्या आधी. नंतर कापणीची मांडणी कितीही हुशारीने केली तरी एवढी बचत होत नाही.

५६० धरल्यावर रुंदीचं गणित असं: एक लांब कड सरळ करायला ५ गेले, मग ५६०, काप, ५६०, काप. १२२० मधून उरतात ८८ मिली. बॉक्सच्या डोक्यावर पुढेमागे ज्या आडव्या पट्ट्या लागतात, त्या ८० च्या. म्हणजे प्रत्येक शीटमधून दोन रुंद पट्ट्या आणि एक अरुंद. अरुंद पट्टी फाडताना ताजी कापलेली कड गाईडला लावायची आणि गाईड ८० वर ठेवायचं, म्हणजे कंपनीची वाकडी कड आपोआप बाहेर जाते. तिच्यासाठी वेगळा काप लागत नाही.

आता तुकडे मोजू. रुंद पट्टीतून निघणाऱ्या बाजू दहा, प्रत्येकी ७२०. तळ दोन बाजूंच्या मधे बसतो म्हणून बॉक्सच्या मापातून ३६ वजा: ८६४ चे दोन, ५६४ चे दोन, ४१४ चा एक. कप्पे सुटे असतात, ते दोन मिली कमीच ठेवतो: ५६२ चे दोन आणि ४१२ चा एक. (शीट १८ ची म्हणून आणली तरी जाडी मोजावी. आमची १८ भरली. १७ भरली असती तर प्रत्येक तळ दोन मिलीने वाढवावा लागला असता, नाहीतर बॉक्स ८९८ चा होतो.)

या अठरा तुकड्यांच्या लांबीची बेरीज १२,००६ मिली येते. लांबीच्या दोन्ही टोकांकडून ५-५ मिली उडवले की एका पट्टीत २४३० वापरायला मिळतात. पाच पट्ट्या म्हणजे १२,१५०. बेरजेने पाच पट्ट्यांत बसल्यासारखं वाटतं, पण तुकडे काही पाण्यासारखे ओतता येत नाहीत. ८६४ सोबत दोन बाजू घेतल्या की ११६ उरतात आणि त्या ११६ मध्ये आपलं काहीच बसत नाही. अशा दोन पट्ट्या होतात, त्यामुळे सहावी पट्टी लागतेच. सहा पट्ट्या म्हणजे तीन शीट. इथपर्यंत तीन शीट नक्की झाल्या. पुढची मांडणी मग फक्त एकाच गोष्टीसाठी होती: जे उरेल ते एकाच जागी उरावं.

मी रात्री बसून काढलेली पहिली मांडणी मला फार आवडली होती. एका पट्टीत दोन बाजू, ५६४ चा तळ आणि ४१४ चा तळ. बेरीज २४१८, मधले तीन काप ९.६, एकूण २४२७.६. पट्टी २४३० ची. जवळजवळ शून्य वाया! असं केलं की सहाव्या पट्टीत फक्त एक कप्पा जातो आणि तब्बल १८६५ चा तुकडा अखंड उरतो. सकाळी कागद आमच्या मिस्त्रींपुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, कागद उलटा-सुलटा पाहिला आणि विचारलं,

"शेठ, शीट मोजलीसा का?"

"आठ बाय चारच आहे की."

"आठ बाय चार तर दुकानदार म्हणतोय. तुम्ही मोजलीसा का?"

मोजल्या. दोन शीट २४४० भरल्या, तिसरी २४३७. टोकांचे दहा उडवल्यावर तिच्यात २४२७ उरतात आणि माझ्या मांडणीला हवेत २४२७.६. अर्ध्याहून थोडा जास्त मिली कमी! मग कर्णही मोजले. आठ बाय चारचा कर्ण २७२८ च्या आसपास येतो. एका शीटचे दोन कर्ण चार मिलीने वेगळे निघाले, म्हणजे ती गुण्यात, काटकोनात नव्हती आणि तिची टोकं सरळ करायला पाचाहून थोडं जास्तच जाणार होतं. २४३७ ची शीट आधी बाजूला ठेवली असती तरी पुढच्या वेळी दुकानदार काय देईल याची खात्री कोण देणार? मांडणीत दोन-तीन मिलीच मोकळे असतील तर ती कागदावरच शोभते.

मिस्त्रींनी दुसरी एक गोष्ट दाखवली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. माझ्या मांडणीत पट्टीच्या शेवटी तळ येत होता. पट्टी आखडली तर भोगतो तो शेवटचा तुकडा. तळ एक मिली कमी झाला तर सगळा बॉक्स एक मिली अरुंद होतो आणि वरच्या पट्ट्यांशी जुळत नाही. कप्पा मात्र पिनांवर बसतो. तो दोन मिली आखूड झाला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून ज्या पट्टीत दाटी आहे तिच्या शेवटी कप्पा टाकायचा आणि तळ, बाजू आधी कापून मोकळं व्हायचं.

मग मांडणी अशी ठरली. पहिल्या पट्टीत दोन बाजू, ५६२ चा कप्पा आणि शेवटी ४१२ चा कप्पा. हिच्यात सहा मिली मोकळे राहतात, आणि एवढ्या दाटीची ही एकच पट्टी. दुसरी आणि तिसरी सारखीच: दोन बाजू आणि ८६४ चा तळ. चौथी-पाचवीत दोन बाजू आणि ५६४ चा तळ, प्रत्येकीत ४१६ चा तुकडा उरतो. सहावीत ४१४ चा तळ आणि ५६२ चा कप्पा, आणि १४४७ चा अखंड तुकडा शिल्लक.

१८६५ ऐवजी १४४७ उरला म्हणून मी आधी हळहळलो. पण तो तुकडा लागणार कशाला हे पाहिल्यावर हळहळ गेली. सिंकखालच्या बॉक्सची दोन दारं तयार मापाने ७१७ बाय ४४७. चारी कडांना २ मिलीची पट्टी चिकटवायची, म्हणून प्लाय ७१३ बाय ४४३ चा कापायचा. दोन दारं एका रांगेत, मधे एक काप: १४२९. १४४७ मध्ये मजेत बसतात. १८६५ उरला असता तरी दारं दोनच निघाली असती आणि वर चारशेचा एक तुकडा कोपऱ्यात पडला असता. दारांची उंची शीटच्या लांबीच्या दिशेने येत होती, म्हणजे वरच्या पापुद्र्याच्या रेषा उभ्या. उभं दार असंच असलेलं बरं, ते कमी वळतं. तुकडा आडवा वळवून दारं काढायची पाळी आली असती तर मी ती काढली नसती.

अरुंद पट्ट्यांत तर नशीबच होतं. ८० च्या दहा पट्ट्या हव्या होत्या: ८६४ च्या चार, ५६४ च्या चार, ४१४ च्या दोन. पहिल्या दोन अरुंद पट्ट्यांत प्रत्येकी दोन ८६४ आणि एक ५६४. तिसरीत दोन ५६४ आणि दोन ४१४. तीन शीटच्या तीन अरुंद पट्ट्यांत दहाच्या दहा बसल्या.

कापण्याआधी मिस्त्रींनी एक जुनी सवय पाळली. रद्दीतली ३०० ची पट्टी घेतली, तिचे दहा काप केले आणि तुकडे एकमेकांना चिकटवून मोजले. ३०० चे २६८ राहिले. दहा कापांत ३२ गेले, म्हणजे एका कापाला ३.२. ब्लेडवर काय छापलंय याला फार अर्थ नाही. ब्लेड जरा डुलत असेल किंवा वॉशरखाली भुसा बसला असेल तर काप रुंद होतो. साईटवर वापरतो त्या चार इंची हाताच्या कटरचं ब्लेड पातळ असतं, पण तसाच दहा कापांचा प्रयोग केला तेव्हा ब्लेडच्या जाडीपेक्षा अर्धा मिली जास्तच जात होता. हात थरथरतो तेही त्यातच आलं. ज्या मशीनवर कापणार त्याच मशीनचा आकडा मांडणीत धरायचा.

आखणीतही एक चूक सर्रास होते. पोरगा टेप लावून पट्टीवर ७२०, १४४०, २००४ अशा सगळ्या रेघा एकदम मारतो आणि रेघेवर ब्लेड चालवतो. कागदावर बरोबर दिसतं, पण मधल्या तुकड्याला दोन्हीकडून अर्धा अर्धा काप खातो आणि तो ७१७ निघतो. आमच्याकडे नियम असा की एक रेघ मारायची, रेघ राखून ब्लेड टाकाऊ अंगाला ठेवायचं, कापायचं आणि पुढचं माप ताज्या कडेवरून घ्यायचं. त्याहून चांगलं म्हणजे मागे ठोकळा लावून सगळ्या दहा बाजू एकाच अडणीवर कापणं. मग त्या ७१९.५ निघाल्या तरी दहाही तेवढ्याच निघतात, आणि बॉक्सला तेवढंच पुरतं.

आणखी एक. काही मांडण्या कागदावर सुरेख दिसतात पण करवतीवर चालत नाहीत. आमच्या मशीनवर काप या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ जातो, मधे थांबून वळता येत नाही. त्यामुळे आधी लांब पट्ट्या फाडायच्या आणि मग त्या आडव्या कापायच्या, हाच क्रम. मोबाईलवर मांडणी काढून देणारी सॉफ्टवेअर असतात, मीही वापरतो. पण त्यात `Kerf` च्या, म्हणजे कापाच्या रुंदीच्या रकान्यात शून्य राहिलं, तर ते बिनदिक्कत २४ इंचाच्या दोन पट्ट्या एका शीटमध्ये बसवून दाखवतं.

काम झाल्यावर घरमालकांना हिशोब दाखवला, कारण त्यांना तो हवाच होता. तीन शीट म्हणजे ९६ चौरस फूट. त्यातला ८८ टक्के माल बॉक्समध्ये आणि त्या दोन दारांत गेला. बाकीच्यात ४१६ चे दोन तुकडे, ११६ च्या दोन चिंध्या, उडवलेल्या कडा आणि भुसा. भुसा किती, तर सगळे काप मिळून जेमतेम दीड चौरस फूट. ते म्हणाले, "एवढ्याशा भुशासाठी दोन शीटचा फरक?" मी त्यांना ६१० ची गोष्ट पुन्हा सांगितली. भुसा दीडच फूट होता, पण पहिल्या मापात तो एक सूत प्रत्येक शीटचा दुसरा अर्धा भाग घेऊन जात होता.

बाकीची दारं आणि ड्रॉवरच्या पुढच्या फळ्या वेगळ्या शीटमधून काढल्या. त्यांच्या मायक्यावर लाकडाच्या रेषा होत्या, सगळ्या दारांवर त्या उभ्या आणि सलग यायला हव्या होत्या. तिथे तुकडा फिरवायची मोकळीक नसते, म्हणून वाया जास्त जातं. ते मी आधीच सांगितलं होतं आणि त्यावर वाद झाला नाही.

बॉक्स लावायला गेलो तेव्हा वहिनींनी ४५० च्या बॉक्समध्ये डबे ठेवून पाहिले आणि म्हणाल्या, "यात अजून एक कप्पा नाही का बसणार? मसाल्याच्या बरण्यांच्या वर एवढी जागा रिकामी जाते." कप्पा ४१२ बाय ५४०. गाडीत ४१६ बाय ५६० चे दोन्ही तुकडे होते, पाठीवर पेन्सिलीने माप लिहिलेले. वर्कशॉपला परत नेऊन गाईड ४१२ वर लावलं. चार मिलीतले तीन ब्लेडने खाल्ले, उरलेली चिंधी कागदाएवढी पातळ होती, मिस्त्रींनी ती बोटाने झटकली. मग खोलीचे वीस काढले आणि संध्याकाळी कप्पा बसवून आलो.